तीन मांजरांच्या घरात लिटर बॉक्स किती आणि कुठे?

घरात दुसरं किंवा तिसरं मांजर आलं की आणखी एक लिटर बॉक्स विकत आणला जातो आणि बहुतेक वेळा तो जुन्या बॉक्सच्या शेजारीच ठेवला जातो. ड्राय बाल्कनी किंवा बाथरूम ही मांजरांची जागा म्हणून ठरून गेलेली असते. सफाई एकाच ठिकाणी उरकते आणि वासही घरभर फिरत नाही. मग काही आठवड्यांनी गादीवर, पायपुसण्यावर किंवा सोफ्यामागे शू सापडायला लागते. मांजर बिघडलं, नवीन मांजर आणलं म्हणून सूड उगवतंय, असे निष्कर्ष काढले जातात. त्याला ओरडलं जातं, कधी कोंडून ठेवलं जातं.

मांजर सूड उगवत नसतं. आजारपण नसेल, तर अशा घरांत बऱ्याचदा एकच गोष्ट घडलेली असते : बॉक्स आहे, पण त्या मांजराला तिथपर्यंत निर्धास्तपणे जाता येत नाही. म्हणून बॉक्स किती आणायचे याच्या आधी ते कुठे ठेवणार, हे ठरवावं लागतं.

पशुवैद्यांमध्ये रूढ असलेला नियम सोपा आहे : जितकी मांजरं तितके बॉक्स, आणि वर एक. तीन मांजरं असतील तर चार. 'अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स' आणि 'इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिन' या मांजरांच्या डॉक्टरांच्या दोन संघटनांनी २०१४मध्ये घरात शी-शू करणाऱ्या मांजरांविषयी संयुक्त मार्गदर्शिका काढली. तिच्यातही बॉक्सची संख्या, आकार आणि जागा या तिन्हींवर भर आहे. पण हा नियम ऐकून चार बॉक्स एका ओळीत मांडले, तर फारसं काही साधत नाही. चार बॉक्सची ती ओळ मांजराच्या लेखी एकच जागा असते.

वाट अडली की बॉक्स बंद

आपलं घरगुती मांजर आफ्रिकेतल्या रानमांजरापासून आलेलं आहे. उंदरासारखी छोटी शिकार एकट्याने करायची आणि एकट्यानेच खायची, असं या रानमांजराचं जगणं. कळपात राहणाऱ्या कुत्र्यांकडे भांडण मिटवण्याच्या, नमतं घेण्याच्या जशा रीती असतात, तशा मांजरांकडे फारशा नाहीत. पटत नसलेलं मांजर समोरून येताना दिसलं की त्याला टाळायचं, हाच त्यांचा मुख्य उपाय. घराच्या चार भिंतींत टाळायला जागा उरली नाही की अडचण सुरू होते.

ही अडचण आपल्या लक्षात येत नाही, कारण मांजरांची बरीचशी भांडणं मूक असतात. गुरगुरणं आणि पंजे मारणं फार पुढची गोष्ट. रोज चालतं ते वेगळंच : एक मांजर दाराच्या उंबऱ्यात पसरून बसतं, दुसऱ्याकडे न हलता रोखून बघतं आणि दुसरं मांजर अर्ध्या वाटेतून परत फिरतं. आपल्याला वाटतं, बोका दारात निवांत पडलाय. खरं तर त्याने वाट अडवलेली असते. एकाच बोळाच्या टोकाला दोन दुकानं असली आणि बोळाच्या तोंडाशी कुणी आडवं उभं राहिलं, तर दोन्ही दुकानं बंद झाल्यासारखीच. शेजारी शेजारी ठेवलेल्या बॉक्सचं नेमकं हेच होतं.

शिवाय बॉक्समध्ये बसलेलं मांजर त्या क्षणी पळूही शकत नाही आणि लढूही शकत नाही. अशा वेळी, किंवा बाहेर पडताना, कुणी अंगावर झेप घेतली, तर मांजर ती जागा मनात धोक्याची म्हणून नोंदवतं. पुढे समोरचं मांजर दुसऱ्या खोलीत झोपलेलं असलं, तरी ते त्या बॉक्सकडे जायला कचरतं. मग बेडरूममधली गादी त्याला बरी वाटते. ती मऊ असते, शू शोषून घेते आणि तिथून चारही बाजूंना नजर ठेवता येते.

आधी गट ओळखा

तीन मांजरं म्हणजे तीन गट असतीलच असं नाही. एकत्र वाढलेली भावंडं बऱ्याचदा एका गटात असतात. एकमेकांना चाटणं, नाकाला नाक लावणं, अंगावरून अंग घासत जाणं आणि अंगाला अंग लावून झोपणं, या गटाच्या खुणा. एकाच खोलीत झोपणं किंवा शेजारी बसून जेवणं ही खूण धरू नये. जेवण एकाच ठिकाणी मिळत असेल तर न पटणारी मांजरंही शेजारी येऊन खातात.

आठवडाभर लक्ष ठेवून एका कागदावर लिहून काढा : कोण कुणाला चाटतं, कोण आलं की कोण उठून जातं, कोण कुठल्या दारात बसतं. जितके गट निघतील त्यांत एक मिळवा. घरात निदान इतक्या वेगवेगळ्या जागी बॉक्स हवेत. मांजरांची संख्या अधिक एक हा पहिला आकडा बॉक्सचा, आणि गट अधिक एक हा दुसरा आकडा जागांचा. तिन्ही मांजरांचं घट्ट पटत असेल तर दोन जागांवर भागू शकतं. तिघांचंही एकमेकांशी पटत नसेल तर चार जागा शोधाव्या लागतात.

एक फ्लॅट, तीन मांजरं

पुण्या-मुंबईकडचा नेहमीचा दोन बेडरूमचा फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. मुख्य दारातून आत आलं की हॉल, हॉलला लागून स्वयंपाकघर आणि त्याच्या टोकाला ड्राय बाल्कनी. हॉलच्या दुसऱ्या बाजूने एक अरुंद पॅसेज निघतो आणि त्यावर दोन बेडरूम आणि बाथरूम. मनी आणि चिंगी या बहिणी या घरात लहानपणापासून आहेत. बंड्या हा नसबंदी झालेला धिप्पाड बोका गेल्या वर्षी आला. दोन्ही बॉक्स ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारी आहेत. चिंगी अधूनमधून मोठ्या बेडरूममधल्या गादीवर शू करते.

इथे गट दोन आहेत : मनी-चिंगी आणि बंड्या. म्हणजे जागा तीन हव्यात. आता घराच्या नकाशावर वाटा पाहू. ड्राय बाल्कनीला जायला स्वयंपाकघरातून एकच वाट आहे. बंड्या दिवसाचा बराच वेळ स्वयंपाकघराच्या दारात काढतो. जेवणाचा वास तिथे येतो आणि हॉलही तिथून दिसतो. पॅसेज हे दुसरं अडण्याचं ठिकाण. चिंगी बेडरूममध्ये असेल, तर तिला बॉक्सपर्यंत पोचायला पॅसेज, हॉल, बंड्या बसलेलं दार आणि स्वयंपाकघर इतकं ओलांडावं लागतं. ती जात नाही, यात नवल नाही.

पहिला नवा बॉक्स मोठ्या बेडरूममध्ये यायला हवा, कारण बहिणींचा वावर तिथे जास्त आहे. तो पलंग आणि कपाटाच्या मधल्या खाचेत कोंबू नये. भिंतीलगत असा ठेवावा की बसलेल्या मांजराला खोलीचं दार दिसेल आणि निसटायला दोन दिशा मोकळ्या राहतील. हे दार दिवस-रात्र उघडं राहिलं पाहिजे. रात्री दार लावून झोपायची सवय असेल, तर रात्रीपुरता तो बॉक्स दाराबाहेरच्या मांजरांसाठी नाहीच, हे लक्षात ठेवून हिशेब करावा.

दुसरा नवा बॉक्स हॉलमध्ये. इथे बहुतेकांचा नकार येतो, कारण पाहुणे हॉलमध्ये बसतात. पण हॉलमधला बॉक्स ही घरातली अशी एकच जागा आहे जिथे पॅसेजच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन्ही मांजरांना कुठलंही अरुंद दार न ओलांडता पोचता येतं. सोफ्याच्या कडेला, मागे-पुढे दोन्ही बाजू मोकळ्या ठेवून, समोर एखादी मोठी कुंडी किंवा बुटकं शेल्फ आडोशाला ठेवलं, तर तो नजरेआड जातो.

ड्राय बाल्कनीतले जुने बॉक्स लगेच हलवायचे नाहीत. बंड्या आणि मनी ते वापरत असतील, तर एका मांजराची अडचण सोडवताना बाकीच्यांची नवी उभी राहायची. नवे बॉक्स आधी वाढवायचे, तिन्ही मांजरं ते नियमित वापरायला लागेपर्यंत दोन-तीन आठवडे थांबायचं. आता बॉक्स चार झाले आणि जागा तीन. दोन्ही आकडे जुळले.

ड्राय बाल्कनी आणि बाथरूम या आपल्याकडच्या नेहमीच्या जागांबद्दल थोडं सांगायला हवं. बॉक्समध्ये मांजर बसलेलं असताना शेजारचं वॉशिंग मशीन जोरात फिरायला लागलं, तर एका दचकण्यानेही ते बॉक्स सोडू शकतं. बॉक्स तिथेच ठेवायचा असेल तर मशीनपासून जितका दूर जाईल तितका बरा. पावसाळ्यात जाळीतून झड आत येते. बेंटोनाइट मातीचं लिटर पाण्याने फुगतं आणि त्याचा चिखल होतो, म्हणून तिथला बॉक्स भिंतीच्या आतल्या बाजूला हवा. आपली बाथरूम आंघोळीनंतर बराच वेळ ओली असतात आणि त्यांची दारं सवयीने लावली जातात. ओल्या फरशीवरून चालत जाणं बऱ्याच मांजरांना नको असतं. बाथरूमला पर्याय नसेल, तर फरशी कोरडी ठेवावी आणि दार आपोआप लागू नये म्हणून त्याला अडसर लावावा. कुठल्याही जागी बॉक्सशेजारी खाण्या-पिण्याची भांडी नकोत. जेवणाजवळ मांजर शी-शू करायला टाळतं.

बॉक्स केवढा हवा?

दुकानात मिळणारे बरेचसे ट्रे मोठ्या मांजराला अपुरे असतात. मांजराचं बॉक्समधलं काम नुसतं बसण्याचं नाही. ते आत शिरतं, हुंगतं, उकरतं, गोल फिरून जागा घेतं, उरकल्यावर पुन्हा वळून झाकतं. एवढी हालचाल भिंतीला अंग न लागता व्हायला हवी. म्हणून बॉक्सची लांबी मांजराच्या नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या अंतराच्या किमान दीडपट असावी, असं त्या मार्गदर्शिकेत सांगितलं आहे. मांजरांना मोठा आणि नेहमीचा असे दोन्ही बॉक्स देऊन केलेल्या, २०१४मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही मांजरांनी मोठ्या बॉक्सला पसंती दिली.

माप घ्यायला मांजर ताठ उभं असताना टेप धरावी. शेपूट मोजायची नाही. बंड्या ५० सेंटिमीटर भरला तर त्याला ७५ सेंटिमीटरचा बॉक्स हवा. मनी ४२ सेंटिमीटरची असेल तर तिला ६३ पुरेल. पण कोणत्या मांजराने कोणता बॉक्स वापरावा हे आपल्या हातात नसतं, म्हणून सगळे बॉक्स सर्वांत मोठ्या मांजराच्या मापाने घ्यावेत. रुंदीही साधारण त्याच्या अंगाच्या लांबीइतकी असली की त्याला आत आरामात वळता येतं. आणखी एक काळजी घ्यावी : वेष्टनावर बहुधा वरच्या कडेचं बाहेरून घेतलेलं माप असतं. ट्रे खाली निमुळता होत जातो. टेप आत, तळाला लावून पाहावी.

एवढा मोठा ट्रे मिळाला नाही, तर कपडे-पांघरुणं ठेवायचा प्लॅस्टिकचा मोठा स्टोरेज बॉक्स उत्तम. झाकण बाजूला ठेवायचं. भिंती ३० सेंटिमीटरच्या आसपास असतील तर लिटर बाहेर उडत नाही आणि उभ्याने शू करणाऱ्या मांजराची धार भिंतीबाहेर जात नाही. एका बाजूला मांजराला सहज जाता येईल इतकं रुंद प्रवेशद्वार कापायचं आणि जमिनीपासून १२-१३ सेंटिमीटर उंबरा ठेवायचा. पिल्लांसाठी आणि सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या मांजरांसाठी हा उंबरा निम्म्यावर आणावा. कापलेली कड कानशीने घासून पॉलिश पेपरने गुळगुळीत करावी, नाहीतर पायाला आणि पोटाला कापेल.

मोठ्या बॉक्सला लिटर फार लागेल, ही भीती अर्धीच खरी. तळ ७५ गुणिले ५० सेंटिमीटर असेल आणि ५ सेंटिमीटरचा थर घातला, तर पहिल्यांदा १८-१९ लिटर माल लागतो. गुठळी होणाऱ्या लिटरमध्ये त्यानंतर आपण फक्त गुठळ्या काढतो आणि तितकीच भर घालतो. रोज किती लिटर खर्च होणार, हे मांजरं किती शू करतात यावर ठरतं. बॉक्सच्या आकाराने त्यात मोठा फरक पडत नाही.

झाकणाच्या बॉक्सबद्दल मतं टोकाची ऐकू येतात. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांजरांना उघडे आणि झाकलेले असे दोन्ही बॉक्स देऊन पाहिले. बॉक्स पुरेसे मोठे होते आणि रोज साफ केले जात होते. बहुतेक मांजरांनी दोन्हींत भेद केला नाही. मात्र न पटणारी मांजरं एकत्र राहतात त्या घरात झाकणाचा दोष वेगळाच आहे : आत-बाहेर करायला एकच भोक राहतं. आतल्या मांजराला बाहेर कोण बसलंय ते दिसत नाही आणि निसटायला दुसरी वाट नसते. अशा घरात बॉक्स उघडेच ठेवावेत.

बरोबर बसलं की नाही, कसं ओळखाल?

मांजराचा बॉक्समधला वावर पाहिला की बरंच कळतं. सुखात असलेलं मांजर थोडा वेळ उकरतं, बसतं, झाकतं आणि चालत बाहेर येतं. कडेवर पाय ठेवून बसणं, लिटरला हात न लावता बाहेरची भिंत किंवा फरशी खरवडणं आणि उरकताच उडी मारून पळणं, या नाराजीच्या खुणा आहेत. पुढचे पाय आत, पण शी-शू कडेच्या बाहेर पडते, तेव्हा बॉक्स लहान असण्याची शक्यता जास्त. बॉक्सला टेकूनच बाहेर घाण होत असेल, तर मांजर तिथवर पोचतंय, पण बॉक्समध्ये काहीतरी खटकतंय. दूरच्या खोलीत घाण होत असेल, तर वाट किंवा जागा तपासावी.

निरोगी मांजर दिवसाला साधारण दोन ते चार वेळा शू आणि एकदा शी करतं. तीन मांजरांच्या घरात रोज सहा ते बारा गुठळ्या निघायला हव्यात. साफ करताना कुठल्या बॉक्समधून किती निघाल्या हे लिहून ठेवलं, तर कोणती जागा चालते आणि कोणती नाही, हे दोन आठवड्यांत स्वच्छ दिसतं. निदान सकाळ-संध्याकाळ स्कूप फिरवायलाच हवा. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की दुसऱ्या मांजराने बॉक्स वापरलाय याने मांजरं फारशी अडली नाहीत. आतली जागा शी-शूने व्यापलेली असली की मात्र ती बॉक्स टाळायला लागली. बॉक्स धुताना साधा साबण आणि गरम पाणी वापरावं. फिनेल टाळावं, कारण फिनॉल गटातली रसायनं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत आणि पंजे चाटताना ती पोटात जातात.

काही वेळा दोष बॉक्सचा नसतोच. मांजर उभं राहून, शेपूट थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर थोडीशी शू उडवत असेल, तर ते हद्द आखण्याचं काम आहे. त्यावर नसबंदी आणि तणाव कमी करणं हे उपाय. आधी नीट वागणारं मांजर अचानक बाहेर शू करायला लागलं तर आधी मूत्रमार्गाची तपासणी करून घ्यावी. बोका पुन्हा पुन्हा बॉक्समध्ये जाऊन कुंथत असेल, ओरडत असेल आणि शू येत नसेल किंवा थेंबभरच येत असेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. यात एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बॉक्स हलवून पाहण्यात वेळ न घालवता त्याच तासाला डॉक्टरांकडे न्यावं.

बंड्या, मनी आणि चिंगीच्या घरात नव्या मांडणीनंतर दीड-दोन महिने बाहेर काहीच घडलं नाही, तर ड्राय बाल्कनीतल्या दोन बॉक्सपैकी एक काढून बघायला हरकत नाही. ते एकाच जागेचे दोन भाग आहेत, म्हणून एक गेल्याने जागा तीनच राहतात. फक्त उरलेला बॉक्स तिथे जास्त वेळा साफ करावा लागेल. बेडरूममधला बॉक्स मात्र नोंदीत कमी वापराचा दिसला तरी काढू नये. दबून राहणाऱ्या चिंगीला बंड्याच्या दारावरून न जाता पोचता येईल, असा भरवशाचा बॉक्स तोच आहे.